ज्योतीमागची गाडी

घाटात धुकं असलं की गाडी बाजूला घ्यावी आणि च्या पीत बसावं. एवढं साधं हाय ते. पण गाडीपुढं पेटती ज्योत असली आणि शेजारी मंडळाचा अध्यक्ष बसलेला असला, की साधं काय ऱ्हात न्हाई. त्यात मला राग लवकर येतो, हे मी आधीच सांगून टाकते.

आमचं गाव उंब्रजपासनं जवळच. दरसाल घटस्थापनेला मंडळाची पोरं प्रतापगडच्या भवानीपासनं ज्योत आणत्यात. पळत आणायची, हा नेम. एक दमला की दुसऱ्यानं हातात घ्यायची, पण ज्योत थांबवायची न्हाई आणि गाडीत तर चढवायचीच न्हाई. पळणाऱ्याच्या पाठीला लागून एक गाडी असती, तिच्या उजेडात तो पळतो. तिच्यामागं दुसरी गाडी, तिच्यात जनरेटर, स्पीकर आणि दमलेली पोरं. औंदा पुढची गाडी माजी पिकअप व्हती. मी रोज पहाटं पाटणच्या खोऱ्यातनं डेअरीचं दूध गोळा करते, धुकं माज्या रोजच्या वळखीचं. म्हणून मला सांगितलं, असं जयराज म्हणत व्हता. खरं तर दरसालच्या पुढच्या गाडीचा क्लच गेला व्हता.

आणि मला गाडी द्यायचीच व्हती, कारण पुढं पळणाऱ्यांत माजी अंकिता व्हती. एकोणीस वर्साची, पोलीस भरतीची तयारी करती. गावातनं ज्योत घेऊन पळणारी पयलीच पोरगी. त्यावरनं मीटिंगमदी केवढं रामायण झालं! आप्पासो आबा गावातले मोठे माणूस, ते म्हणाले, "पोरगी घाटात बसली, तर ज्योत मोडली म्हणायची का?" अंकिता सरळ उठून उभी ऱ्हायली आणि म्हणाली, "आबा, केळघरचा घाट मीच उतरून दाखवते." झालं. आता तिनं नुसतं ठेचकाळायचं, की सगळं गाव 'बघा, आमी म्हणत न्हवतो का' म्हणणार. हे तिलाबी ठाऊक, मलाबी.

म्हाबळेश्वर सोडलं तवा पाऊस धो धो कोसळत व्हता. दिवस मावळायला आला व्हता. घाटाच्या तोंडाला अंकितानं मशाल हातात घेतली. मशालीवर पत्र्याचं टोपडं व्हतं, त्यामुळं ज्वाळा वाचत व्हती. तिच्या अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट मी बळंच घातलं व्हतं. "पोलिसावानी दिसतंय गं आई," म्हणून तिनं तोंड वाकडं केलं. म्हटलं, "व्हायचंच हाय न्हवं पोलीस? मंग घाल."

घाट लागला आणि पाऊस थोडा पातळ झाला, पण धुकं आलं. खालनं दरीतनं वर चढत आलं आणि बघता बघता रस्ताच गिळला. मी गाडी पयल्या गिअरमदी घातली, म्हंजी उतारावर इंजिनच गाडीला धरून ठेवतंय आणि ब्रेकवर सारखा पाय ठेवावा लागत न्हाई. काच आतनं धुरकट व्हाय लागली, तवा ब्लोअर चालू केला आणि माज्या बाजूची काच निम्मी खाली घेतली. धुक्यात दिसत न्हाई तवा कानांनी बघावं लागतं. आणि लाइट डिपरवर, म्हंजी खालच्या उजेडावर, ठेवली.

जयराज शेजारी बसला व्हता. वय सत्तावीस, मंडळाचा अध्यक्ष, गळ्यात उपरणं. तो म्हणाला, "काकी, अप्पर मारा की! तिला काय दिसत आसंल?"

"अप्पर मारली तर कुणालाच काय दिसायचं न्हाई."

"आवं, जास्त उजेड म्हंजी जास्त दिसणार न्हवं?"

मी एकदा अप्पर मारून दाखवली. समोर पांढरीफेक भिंत. अंकिता गायब, रस्ता गायब, बॉनेटच्या पुढं नुसतं दूध सांडल्यागत. धुक्यावर उजेड आपटतो आणि आपल्याच डोळ्यात परत येतो. मी परत डिपरवर आले, तवा डावीकडची पांढरी पट्टी दिसली, आणि पुढं अंकिताच्या पायातले बूट.

"बघितलंस?" मी म्हटलं.

"बरं, ऱ्हावू द्या डिपर. पण जवळ तरी जावा. दरसाल गाडी पाठीला टेकून असती. बघा, ती उजेडाच्या भाईर चाललीय."

खरंच चालली व्हती. कारण मीच मागं ऱ्हायले व्हते. पाय हळूहळू सैल करत मी अंतर वाढवत नेलं. इतकं, की शेवटी अंकिताचे बूटबी दिसंनात. नुसता मशालीचा तांबूस डाग धुक्यात वर-खाली हालत व्हता.

माय हाय मी. पोटच्या पोरीला काळोखात सोडायला मला काय हौस न्हवती. पण माजी गाडी भरलेली व्हती, मागं हौद्यात सहा पोरं ताडपत्रीखाली बसली व्हती, रस्ता वल्ला आणि त्यात उतार. अंकिता पडली, तर पाय ब्रेकवर जाईस्तवर गाडी चार पावलं पुढं सरकणार, आणि ब्रेक लागल्यावरबी वल्ल्या डांबरावर आणखी घसरणार. दोन हातांच्या अंतरावर पळणारी पोरगी कुठनं वाचवायची? कोरड्यात जेवढं अंतर पुरतं, त्याच्या दुप्पट तरी पावसात ठेवावं लागतं. रोजच्या दुधाच्या गाडीला मी हेच करते. इथं तर पुढं गाडी न्हाई, माजी लेक व्हती.

जरा येळानं तो तांबूस डाग मोठा व्हाय लागला. अंकिता थांबत व्हती! मागं वळून ओरडली, "आई! लाइट दे की! दगडबी दिसंना मला!"

मी काचेतनं डोकं भाईर काढलं. "पळ पुढं! डावीकडच्या पट्टीवरनं पळ! माज्या उजेडात येऊ नगंस!"

"मला काळोखात सोडतीस व्हय?"

"व्हय, सोडते! पळ म्हणते न्हवं!"

ती कायतरी बोलली, ते मला ऐकाय आलं न्हाई. मागच्या टेम्पोतल्या स्पीकरवर गाणं एवढं मोठं लावलं व्हतं, की काच उघडी ठेवून काय उपेग न्हवता. तो टेम्पो कपिल चालवत व्हता. कपिल पोरगा वाईट न्हाई, पण त्याची गाडी म्हंजी वऱ्हाडाची गाडी. पुढच्याच्या मागं चिकटून जायचं, 'गाडी तुटू द्यायची न्हाई' हे एकच त्याला ठाऊक. चारी इंडिकेटर चालू ठेवून तो येत व्हता, आणि आरशात त्याची अप्पर लाइट माज्या डोळ्यात सरळ घुसत व्हती. मी आरसा वर केला. उजेड एवढा मोठा दिसत व्हता, म्हंजी तो किती जवळ असंल, ह्याचा अंदाज मला आला.

"जयराज, कपिलला फोन लाव. मागं ऱ्हा म्हणावं, गाणं बंद कर आणि लाइट खाली घे."

"रेंज न्हाई काकी."

"मंग हात दाव भाईरनं."

त्यानं हात भाईर काढून हालवला. धुक्यात कोण बघतंय! कपिलनं उलट हॉर्न दिला, दोनदा, खुशीत.

आता बघा माजी गत. पुढचं अंतर माज्या हातात, पण मागचं कपिलच्या. असा पाठीला चिकटलेला असला, की एकच करता येतं. पुढं आणखी मोकळी जागा ठेवायची, म्हंजी एकदम ब्रेक मारायची पाळी येत न्हाई, आणि आपण हळूहळू थांबलो तर त्यालाबी थांबायला येळ मिळतो. म्हणून मी आणखी मागं ऱ्हायले. अंकिताचा डाग आणखी बारीक झाला. जयराज चिडला.

"तुमाला तुमच्या पोरीची काळजी न्हाई का हो?"

त्याला मी काय म्हटलं, ते इथं सांगत न्हाई. देवीचं काम व्हतं.

गाडी थांबवावी, ज्योत वर घ्यावी आणि धुकं जाईस्तवर बसून ऱ्हावं, हेच बरं, असं मला वाटत व्हतं. पण थांबायचं कुठं? एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, आणि रस्ता दोन गाड्यांचा. धुक्यात रस्त्यात थांबणं म्हंजी मागनं येणाऱ्याला 'ये आणि धडक' म्हणणं. खाली दोन वळणांनंतर मक्याची कणसं भाजणाऱ्यांची मोकळी जागा हाय, रस्त्याच्या भाईर, दहा गाड्या मावतील एवढी. तिथवर जायचंच व्हतं. दोन वळणं.

पयल्या वळणाला वर चढणारी एस.टी. आली. ड्रायव्हर शाणा. त्यानं लांबनंच लाइट खाली घेतली, हॉर्न दिला आणि गाडी आपल्या बाजूनं अगदी सावकाश काढली. तिच्यामागं एक मोटार आली, तिची अप्पर तशीच. डोळ्यांपुढं काजवे चमकले. अशा येळी समोरच्या दिव्याकडं बघायचंच न्हाई. मी नजर डाव्या पट्टीवर ठेवली, गाडी आणखी हळू केली आणि ती मोटार जाईस्तवर श्वास धरून बसले. मोटार गेली. पुढं अंकिताचा डाग हाय का, ते बघितलं. व्हता. जीव भांड्यात पडला.

हळू करताना मी ब्रेकवर पाय ठेवला व्हता. आणि तवाच माज्या ध्यानात आलं, की कायतरी चुकतंय. धुक्यात ब्रेक मारला, की आपल्या मागचं धुकं लाल व्हतं. रोज पहाटं आरशात बघते मी ते. आज लाल झालंच न्हाई. परत ब्रेक दाबला. आरशात नुसती कपिलची पांढरी लाइट.

"जयराज, फ्लेक्स कुठं बांधलाय?"

जयराज उपरणं चाचपायला लागला.

"मी निघताना हौद्याच्या बाजूला बांधला व्हता. कुठं हाय तो?"

"च्या प्यायला थांबलो तवा मागं बांधला, काकी. बाजूला कुणाला दिसत न्हवता. देवीचा फोटो, मंडळाचं नाव... मागच्या गाड्यांना दिसाय पायजे न्हवं?"

म्हंजी मागचे दोन्ही दिवे फ्लेक्सखाली! कपिलला माजा ब्रेक दिसत न्हवता, दिवाच दिसत न्हवता. त्याला त्याच्याच उजेडात एक पांढुरका कपडा हालताना दिसत व्हता, आणि तो हरवू नये म्हणून तो आणखी जवळ येत व्हता. मी कितीबी हळू थांबले, तरी त्याला कळणार न्हवतं. आणि माज्या पुढं माजी लेक.

मी हात मागं टाकून केबिनची मागची काच धडाधड बडवली. मागं हौद्यात शिवतेज व्हता, माज्या जावेचा पोरगा, आधीच्या टप्प्याला पळून दमलेला. त्यानं काच सरकवली.

"शिवतेज, मागचा फ्लेक्स काढ! आत्ता!"

"आवं काकी, देवीचा फोटो हाय त्याच्यावर!"

"देवी काय रागवत न्हाई! तोड दोरी!"

"दोरी भिजून घट्ट झालीया..."

"मंग कापडच फाड! पण गाडीच्या भाईर वाकू नगंस, बसून कर!"

जयराज म्हणाला, "फाडायचा न्हाई हां! घटस्थापनेच्या आदल्या दिवशी देवीचा फोटो फाडायचा म्हंजी..."

"जयराज," मी म्हटलं, "पुढं माजी पोरगी हाय. मागनं ह्यानं ठोकर दिली, तर ती माज्याच चाकाखाली जाणार. माज्या! तुज्या मंडळाचं नाव तिच्या श्रद्धांजलीच्या फोटोखाली छापायचं का?"

त्यानं माज्याकडं बघितलं. मंग तो गर्रकन मागं वळला आणि काचेतनं ओरडला, "शिव्या, फाड! माजी जबाबदारी! फाड लवकर!"

मागं पोरांची एकच धांदल उडाली. कापड टरकल्याचा आवाज आला. मी ब्रेक हळूच दाबला, आणि आरशात मागचं धुकं लाल झालं. एवढा लाल रंग मी जन्मात एवढ्या आनंदानं बघितला न्हाई. कपिलची लाइट जरा खाली गेली, जरा लांब झाली. गाणंबी बंद झालं. त्याला कळलं असावं.

आणि तेवढ्यात पुढचा तांबूस डाग खाली पडला.

वर-खाली हालत व्हता, तो एकदम रस्त्याला टेकला. मी काय विचार केला न्हाई. पाय आपोआप दाबला गेला. जोरात, पण चाकं आवळून बसतील असा न्हाई. गाडी थोडी घसरली, सावरली आणि थांबली. डिपरच्या उजेडात, सात-आठ पावलांवर, अंकिता आडवी पडलेली दिसली. डोंगरावरनं मातीचा ढीग रस्त्यावर आला व्हता आणि तिचा पाय त्यातल्या दगडाला अडकला व्हता. पण मशाल तिनं वर धरली व्हती. एका कोपरावर शरीर, दुसरा हात वर, आणि ज्वाळा तशीच.

मी दार उघडणार, तवा मागनं धक्का बसला.

कपिलनं ब्रेक मारला व्हता. त्याला लाल दिसलं व्हतं, पण अंतर पुरं पडलं न्हाई. माजी गाडी ब्रेक लागलेलीच पुढं सरकली. घसरत, घसरत. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबून धरला, हँडब्रेक वडला आणि ओरडले, काय ओरडले ते मला ठाऊक न्हाई. बॉनेटच्या पुढं अंकिता दिसंनाशी झाली. गाडी थांबली.

जयराजनं उडी टाकली. मी उतरले. बंपरला धरत धरत पुढं गेले. अंकिता बसली व्हती. बंपर आणि तिच्या गुडघ्यात एक हाताचं अंतर ऱ्हायलं व्हतं. तिच्या मनगटावर मशालीचं गरम तेल उडून चट्टा उठला व्हता, पण ती त्याकडं बघत न्हवती. ती बंपरकडं बघत व्हती. मंग बंपरच्या मागं, जिथं मी आधी थांबले व्हते तिथपर्यंत तिनं बघितलं, आणि आणखी मागं, धुक्यात.

"उजेडात असते तर..." ती म्हणाली.

मला रडायला येळ न्हवता. "ऊठ! कुणीबी रस्त्यात थांबायचं न्हाई! शिवतेज, तू आणि कपिल वरच्या वळणाला जावा, बाजूच्या गटाराच्या कडंनं, हातात बॅटरी घ्या, येणाऱ्यांना हळू करायला लावा. बाकीची सगळी गाडीतनं उतरा, डोंगराच्या अंगाला उभी ऱ्हावा."

मातीच्या ढिगाच्या बाजूनं जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट व्हती. जयराज पुढं चालत गेला, मी पिकअप हळूच काढली. मंग त्याच वाटेनं टेम्पोबी मीच काढला. कणसवाल्यांची मोकळी जागा पुढच्या वळणालाच व्हती. तिथं रस्त्याच्या पुरतं भाईर गाड्या लावल्या आणि मंग कुठं चारी इंडिकेटर चालू केले. उभ्या गाडीला ते पायजेत, चालत्या गाडीला न्हाई, हे मागनं चालत आलेल्या कपिलला मी तिथंच, सगळ्यांसमोर सांगितलं. बिचारा कान पकडून उभा व्हता. त्याच्या डोळ्यात पाणी आलं, तवा मीच गप झाले.

अंकिता लंगडत आली. घोटा सुजला व्हता. हातातली मशाल तिनं कुणाला दिली न्हाई. पोरं एकमेकांकडं बघत व्हती. आता मशाल घेऊन दुसऱ्यानं पळायचं का? धुकं तर तसंच. जयराजनं उपरण्यानं तोंड पुसलं, आणि परत पुसलं.

अंकिता माज्या पिकअपचं दार उघडून केबिनमदी चढली. ज्योतीसकट. मशाल तिनं काचेतनं भाईर धरली आणि बसली. मीबी तिच्या शेजारी स्टेअरिंगमागं जाऊन बसले.

तवा जयराजच्या फोनला रेंज आली आणि तो लगेच वाजला. आप्पासो आबा. वेशीवर मंडळी जमायला लागली व्हती, ज्योत कुठवर आली म्हणून इचारत व्हते. जयराज माज्याकडं बघत म्हणाला, "आबा, ते... धुकं लय हाय, म्हणून काकींनी..."

अंकितानं फोन त्याच्या हातातनं घेतला.

"आबा, मी अंकिता. ज्योत गाडीत हाय. आईनं न्हाई चढवली, मी चढले. धुकं निवळंस्तवर थांबणार, मंग मेढ्यापर्यंत गाडीतनंच. खाली गेल्यावर पोरं पळतील."

आबांचा घोगरा आवाज, स्पीकरवर नसतानाबी मला ऐकाय आला, "अगं, पण नेम मोडला की."

"मोडला," अंकिता म्हणाली. तिच्या आवाजात रडू व्हतं, पण आवाज फुटला न्हाई. "मी पडले आबा. आईची गाडी माज्यापासनं एका हातावर थांबली. आई दरसालच्या गाडीवानी पाठीला टेकून आली असती, तर तुमाला आत्ता जयराजदादाचा फोन आला असता. माजा न्हाई."

कुठंतरी वेशीवरल्या हलगीचा आवाज फोनातनं येत व्हता.

"लागलं का गं तुला?" आबा म्हणाले.

"घोटा सुजलाय. आणि हात भाजलाय थोडा."

"आन् गाडी कोण चालवतंय?"

"आई."

"मंग तिला म्हणावं, सावकाश ये. आमी बसलोय वाट बघत."

"सांगते. आणि आबा," अंकितानं नाक वर वडलं, "पुढल्या सालीबी घाट मीच उतरणार हाय. गाडी आईचीच पायजे."

तिनं फोन जयराजला परत दिला आणि माज्याकडं बघितलं. मी स्टेअरिंगवर डोकं टेकलं आणि तवा मला रडू आवरलं न्हाई.